वीस नावे, चार कल्पना

आंतरशालेय विज्ञान प्रदर्शनात आमच्या सातवीच्या मुलांनी आपले भित्तिपत्रक लावले, तेव्हा त्याच ओळीत आणखी दोन शाळांची भित्तिपत्रके टांगलेली होती आणि तिन्हींच्या माथ्यावर एकच शब्द होता, ‘जिज्ञासा’. मुलांना त्याची गंमत वाटली, मला मात्र वाटली नाही, कारण ते नाव मी चॅटबॉटकडून घेतले होते. शेजारच्या फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षिकेशी बोलताना कळले की त्यांनीही तसेच केले होते. तिसऱ्या शाळेत चौकशी करण्याचे मी टाळले.

परत आल्यावर नाव बदलायचे ठरले आणि त्यासाठी मी तीन आठवड्यांची मुदत घेतली. या काळात चॅटबॉटला काय विचारले, त्याने काय दिले आणि त्यातले काय टाकून दिले, याची नोंद एका वहीत ठेवली. पुढचे सगळे त्या वहीतले आहे.

सर्वप्रथम मी जुनाच प्रश्न पुन्हा विचारला: “आमच्या शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी २० सर्जनशील नावे सुचवा.” उत्तर क्षणात आले आणि वरवर पाहता ते समृद्ध होते: विज्ञानविश्व, ज्ञानदीप, विज्ञानधारा, जिज्ञासा, ज्ञानज्योत, कुतूहल, शोधयात्रा, विज्ञानभरारी, बालवैज्ञानिक आणि अशीच पुढे. ती वीस नावे मी वीस चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरली आणि ज्या नावांमागचे चित्र एकच आहे त्यांचा एकेक गठ्ठा केला. पहिल्या गठ्ठ्यात अकरा चिठ्ठ्या गेल्या: ‘विज्ञान’ किंवा ‘ज्ञान’ या शब्दाला दिवा, ज्योत, धारा, विश्व यांपैकी काहीतरी जोडून केलेली नावे. चार चिठ्ठ्या कुतूहलाच्या होत्या, तीन प्रवासाच्या किंवा उड्डाणाच्या आणि उरलेल्या दोन छोट्या शास्त्रज्ञाच्या. म्हणजे नावे वीस होती, पण कल्पना चारच. यादीची लांबी पाहून आपल्याला विविधता मिळाल्याचा भास होतो आणि माझी पहिल्या वेळची फसगत नेमकी त्यातूनच झाली होती.

मग हाच प्रश्न मी पाच वेगवेगळ्या नव्या संभाषणांत, एक अक्षरही न बदलता विचारला. ‘जिज्ञासा’ पाचही वेळा आले, ‘विज्ञानविश्व’ चार वेळा. हे असे का होते, ते समजून घेणे कठीण नाही. ज्या भाषा-प्रारूपावर चॅटबॉट चालतो ते आधीचा मजकूर पाहून पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता किती आहे, याचा हिशेब करत वाक्य रचते, आणि ‘विज्ञान’, ‘शाळा’, ‘नाव’ हे शब्द एकत्र आले की पुढची वाट बहुतेक वेळा त्याच मळलेल्या पायवाटेने जाते. शिवाय अशा प्रारूपांना नंतर माणसांच्या पसंतीनुसार घडवले जाते, आणि पसंती देणाऱ्या माणसाला ओळखीचे, गुळगुळीत उत्तर सहसा आवडते, त्यामुळे ती पायवाट आणखी रुंद होते. एकाच यादीतली नावेही परस्परांपासून स्वतंत्र नसतात. पहिले नाव ‘विज्ञान’ने सुरू झाले की तो साचा पुढच्या नावांना आपल्यामागे ओढून नेतो.

सर्जनशील लेखनाबद्दल अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा वाचकांना एकेकट्या अधिक चांगल्या वाटल्या, पण त्या कथा एकमेकींसारख्या अधिक झाल्या होत्या. आमच्या तीन भित्तिपत्रकांचे असेच झाले. ‘जिज्ञासा’ हे नाव एकटे पाहिले तर वाईट मुळीच नाही. ते इतरांच्या शेजारी टांगल्यावरच फिके पडते, आणि घरी बसून नाव निवडताना तो शेजार दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय केला आणि “चाकोरीबाहेरची, अगदी वेगळी नावे हवीत” असे सांगितले. ‘युरेका’, ‘न्यूटनचे सफरचंद’, ‘क्वांटम कट्टा’, ‘अणूंची शाळा’ अशी नावे आली. ‘वेगळे’ म्हटल्यावर सर्वसाधारणपणे जे सुचते ते हे होते. म्हणजे वेगळेपणाचीही एक चाकोरी असते आणि विशेषण वाढवल्याने आपण एका चाकोरीतून उचलले जाऊन दुसरीत ठेवले जातो, एवढेच.

मग नकाराची पाळी आली. ‘विज्ञान’, ‘ज्ञान’, ‘दीप’ आणि ‘ज्योत’ हे शब्द नकोत, असे मी लिहिले. त्याबरोबर ‘शास्त्र’, ‘बोध’, ‘किरण’ आणि ‘तेज’ हजर झाले. शब्दावर बंदी घातली की समानार्थी शब्द दाराशी उभा असतो, म्हणून बंदी घालायचीच असेल तर ती रूपकावर घालावी लागते: प्रकाश नको, वाहते पाणी नको, प्रवास नको, उड्डाण नको. याचा थोडा उपयोग झाला. मात्र मी हे सगळे एकाच लांबत चाललेल्या संभाषणात करत होते, आणि त्यात नाकारलेली साठ-सत्तर नावे वर तशीच पडून होती. प्रारूप पुढचे उत्तर देताना तो सगळा मजकूर विचारात घेते, त्यामुळे नाकारलेल्या नावांची छाया नव्या नावांवर पडतच राहिली. संभाषण बंद करून नवे उघडले तेव्हाच ती छाया गेली.

तिसरी चूक माझ्या उत्साहाची होती. मला स्वतःला सुचलेली ‘टाचण’ आणि ‘पडताळा’ ही दोन नावे मी नमुना म्हणून दिली. उत्तरात ‘टिपण’, ‘नोंद’, ‘पडताळणी’, ‘तपासणी’ आणि ‘निरीक्षण’ अशी माझ्याच नावांची चुलत भावंडे आली. याबद्दल चॅटबॉटला दोष देता येणार नाही. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्येच दाखवून दिले होते की आराखडा करणाऱ्या अभियंत्यांना आधी एक नमुना दाखवला, तर ते त्यातील वैशिष्ट्ये, अगदी सदोष वैशिष्ट्येसुद्धा, आपल्या आराखड्यात उतरवतात. नमुना दिला की शैली हाती लागते, पण विस्तार हातचा जातो. मला या टप्प्यावर विस्तार हवा होता, त्यामुळे नमुना देण्याची वेळ ही नव्हती.

आमच्या शाळेत संगणक शिकवणारे सहकारी माझी ही धडपड पाहत होते. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही वरून ढवळताय. ‘टेंपरेचर’ वाढवून बघू या.” टेंपरेचर म्हणजे पुढचा शब्द निवडताना कमी शक्यतेच्या शब्दांनाही किती संधी द्यायची, हे ठरवणारा आकडा. नेहमीच्या चॅटच्या पडद्यावर तो बहुधा बदलता येत नाही, पण प्रोग्रॅम लिहून प्रारूप वापरणाऱ्यांना अनेक प्रारूपांत तो बदलता येतो. त्यांनी तो वाढवत नेला. थोडा वाढवला तेव्हा नावांचा क्रम बदलला, आणखी वाढवला तेव्हा ‘प्रज्ञोत्कर्णिका’ यासारखे कोणत्याही कोशात न सापडणारे शब्द येऊ लागले. नवी कल्पना येण्याच्या आधीच मराठी मोडून पडली. यादृच्छिकता वाढली होती, पण नावाचा विचार ज्या दिशेने होत होता ती दिशा तीच होती.

यानंतर चार दिवस मी चॅटबॉट उघडलाच नाही आणि भित्तिपत्रकाकडे पाहत बसले. त्यावर नक्की काय घडते, हे मी आजवर चॅटबॉटला सांगितलेलेच नव्हते. ‘विज्ञान भित्तिपत्रक’ एवढेच सांगितले होते, आणि त्या वर्णनात जगातली सगळी विज्ञान भित्तिपत्रके बसतात. आमच्या फळ्याचा एक नियम मात्र त्याचा स्वतःचा आहे. कोणतीही गोष्ट मोजण्याआधी मुलाने आपला अंदाज लिहायचा, मग मोजायचे, आणि अंदाज चुकला तर तो पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी खरे मोजमाप लिहायचे. फळ्यावर सावलीची लांबी असते, रुजलेल्या बियांची संख्या असते, गोठत चाललेल्या पाण्याचे तापमान असते, पण सर्वांत जास्त असतात त्या आडव्या रेघा. हे लिहून काढायला मला अर्धा तास लागला आणि या सबंध खटाटोपातला सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच होता.

आता मी नावे मागितलीच नाहीत. हे वर्णन देऊन कच्चा माल मागितला: या फळ्याशी संबंधित तीस शब्द, ज्यांत एकही भाववाचक नाम नसेल, म्हणजे फक्त वस्तू, कृती, खुणा आणि मुलांच्या तोंडची वाक्ये. भाववाचक नाम वगळण्याची अट मी चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाहून घातली होती, कारण त्या वीस नावांपैकी बहुतेकांचा कणा ज्ञान, जिज्ञासा, प्रज्ञा असा अमूर्तच होता. या वेळी फूटपट्टी, ओळंबा, भिंग, वजनकाटा, खाडाखोड, रेघ, सुमारे, उणे, हातचा, “पुन्हा मोज”, “असं कसं?” असे शब्द आले. त्यांतल्या एकाही शब्दाला लगेच नाव म्हणता आले नसते, पण तीस चिठ्ठ्यांचे या वेळी नऊ गठ्ठे झाले.

त्यानंतर मी कागदावर एक चौकट आखली. उभ्या बाजूला नाव कोठून यावे याच्या पाच जागा लिहिल्या: साधन, कृती, चूक, खूण आणि मुलांचे बोलणे. आडव्या बाजूला नावाची घडण कशी असावी याचे चार प्रकार लिहिले: एकच शब्द, दोन शब्दांची जोडी, आज्ञा आणि अर्धवट वाक्य. फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाने शक्यतांचा असा चौकटीतून शोध घेण्याची पद्धत रूढ केली. माझ्या कामासाठी तिचा लाभ हा की वीस घरांपैकी कोणत्या घरात आपण पाऊलच टाकलेले नाही, ते दिसते. आधीच्या शंभराच्या वर नावांपैकी जवळजवळ एकही नाव ‘चूक’ किंवा ‘मुलांचे बोलणे’ या ओळींत बसत नव्हते, आणि ‘अर्धवट वाक्य’ हा रकाना पूर्ण रिकामा होता.

वीसपैकी सहा घरे निवडून प्रत्येक घरासाठी मी नवे संभाषण उघडले. फळ्याचे वर्णन प्रत्येक वेळी तेच ठेवले, पुढची सूचना मात्र एकाच घराची दिली. उदाहरणार्थ: “नाव चुकीच्या अंदाजाशी संबंधित असावे आणि ते मुलाने अर्ध्यावर सोडलेल्या वाक्यासारखे वाटावे. आठ नावे द्या.” आठच मागण्याचे कारण अनुभवातून आले होते. माझ्या वहीत प्रत्येक यादीत साधारण दहाव्या नावानंतर आधीच्याच नावांची फिरवाफिरव सुरू झालेली दिसत होती. सहा घरांची मिळून अठ्ठेचाळीस नावे झाली. त्यांत ‘आडवी रेघ’ होते, ‘पुन्हा मोज’ होते, ‘हातचा एक’ होते, ‘थांब, मोजू दे’ होते आणि ‘मला वाटलं होतं…’ हेही होते. त्यांत टाकाऊ नावेही पुष्कळ होती, निम्म्याहून जास्तच. पण ती वेगवेगळ्या तऱ्हांनी टाकाऊ होती, आणि पहिल्या यादीपेक्षा ही मोठी प्रगती होती.

चाळणीचे काम मी चॅटबॉटला दिले नाही. एकदा प्रयोग म्हणून “यांतले सर्वोत्तम नाव निवडा” असे सांगून पाहिले, तेव्हा त्याने अठ्ठेचाळीसांतून ‘शोधाची रेघ’ हे सर्वांत गुळगुळीत नाव उचलले. ज्या ओढीमुळे ‘जिज्ञासा’ पाच वेळा आले होते तीच ओढ निवडीतही काम करते. मी प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारला: हे नाव खेळांच्या किंवा कवितांच्या फळ्यावर लावले तर चालेल का? ‘ज्ञानदीप’ कोठेही चालते, ‘आडवी रेघ’ फक्त आमच्याच फळ्यावर चालते. जे नाव दुसऱ्या फळ्यावर बिनतक्रार बसले ते बाद केले.

भाषेची चाळणी वेगळी लावावी लागली. काही नावांना मराठीचे कपडे होते, पण चाल परकी होती: ‘उत्सुक मने’, ‘ठिपके जोडा’, ‘विचारांची ठिणगी’. मोठ्याने उच्चारल्यावर आपल्या तोंडात ही जोडी कधी आली होती का, असे विचारले की अशी नावे लगेच ओळखू येतात. दुसरी अडचण अक्षरांच्या मोजणीची होती. मुलांनी रंगीत कागदाचे चारच चौकोन कापले होते, म्हणून मी एकदा चार अक्षरी नावे मागितली. ‘पडताळा’ बरोबर आले, पण त्याच यादीत तीन अक्षरी ‘विज्ञान’ हेही चार अक्षरी म्हणून आले. प्रारूप मजकूर अक्षरांनी वाचत नाही, तो तुकड्यांनी वाचते, आणि ते तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतातच असे नाही. त्यात देवनागरीची संगणकातली नोंदही वेगळी असते. ‘विज्ञान’ या शब्दात आपण वि, ज्ञा, न अशी तीन अक्षरे मोजतो, पण साठवताना त्याच्या सात खुणा होतात, कारण वेलांटी, काना आणि जोडाक्षरातला हलन्त या स्वतंत्र नोंदी असतात. अनुप्रास, यमक आणि अक्षरसंख्या यांची तपासणी म्हणूनच मी कानाने आणि बोटांनी केली. घोषवाक्य करताना ही अडचण आणखी टोचते, कारण तिथे लय हाच अर्धा जीव असतो.

शेवटी चार नावे मुलांसमोर ठेवली. मला ‘आडवी रेघ’ आवडले होते. मुलांनी ‘मला वाटलं होतं…’ निवडले, आणि शेवटची तीन टिंबे ठेवायचीच, असा आग्रह धरला. चार चौकोन अर्थातच वाया गेले.

ही रीत नावांपुरतीच आहे की काय, हे पाहण्यासाठी पुढच्या महिन्यात मी ती गणिताच्या तासाला लावली. दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवण्यासाठी उपक्रम मागितले, तर संख्यारेषेवर उड्या, पत्त्यांचा खेळ, प्रश्नमंजूषा आणि गटांत तक्ता हे नेहमीचे चार पाहुणे आले. ‘सर्जनशील’ म्हटल्यावर त्यांनाच गोष्टीचा वेष चढला आणि उड्या मारणारा ससा आला. भित्तिपत्रकाप्रमाणे इथेही मी विषयाचे नाव सांगितले होते, पण अडचण सांगितली नव्हती. माझ्या वर्गातली अडचण ठरावीक होती. काही मुले ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी मानत होती, कारण पस्तीस चारांहून मोठे. काही मुलांचे याच्या उलट होते: शतांश हा दशांशापेक्षा लहान, म्हणून दशांश चिन्हापुढे जास्त अंक असलेली संख्या लहानच, असे धरून ती ०.३ ला ०.७५ पेक्षा मोठे म्हणत.

दोन्ही गैरसमज लिहून मी अट घातली की उपक्रमात स्पर्धा नको, चित्रे नकोत, आणि गैरसमज असलेल्या मुलाला तो उपक्रम सुरुवातीला सोपा वाटला पाहिजे. तीन नव्या संभाषणांत तीन घरे तपासली. त्यांपैकी एका उत्तरात कामाची कल्पना होती: एका काल्पनिक विद्यार्थ्याची सोडवलेली उत्तरपत्रिका वर्गाला द्यायची. त्याने प्रत्येक जोडीतल्या ‘मोठ्या’ संख्येला गोल केला आहे. तो कोणता नियम वापरतो, ते मुलांनी शोधायचे आणि पुढच्या जोडीत तो कोणत्या संख्येला गोल करील, ते सांगायचे. त्याने ०.३५ आणि ०.४ यांत ०.३५ ला गोल केला आहे, ०.१२५ आणि ०.५ यांत ०.१२५ ला, आणि ०.६२ व ०.४७ यांत ०.६२ ला. हे शेवटचे उत्तर बरोबर आहे, आणि म्हणूनच ते पत्रिकेत असणे आवश्यक आहे, कारण चुकीचा नियमही कधीकधी बरोबर उत्तर देतो, हे मुलांना तिथे दिसते. पुढची जोडी ०.८ आणि ०.७४. तो ०.७४ ला गोल करणार, हे वर्गाने ओळखले, आणि मग तो का चुकतो यावर जे बोलणे झाले त्यात कोणा मुलाचे नाव घेण्याची वेळच आली नाही.

दहा जोड्यांची ती पत्रिका मात्र मला दुरुस्त करावी लागली. चॅटबॉटने आठव्या जोडीत ०.९ आणि ०.२५ देऊन ०.९ ला गोल केला होता. ‘जास्त अंकांची संख्या मोठी’ या नियमाने चालणारा विद्यार्थी तिथे ०.२५ लाच गोल करील. चॅटबॉटने त्या एका ठिकाणी चुकीचा नियम पाळण्याऐवजी बरोबर उत्तर देऊन टाकले होते. ती जोडी तशीच राहिली असती तर वर्गाने शोधलेला नियम तिथे मोडला असता, आणि मुलांनी आपलेच चुकले असे मानले असते. छपाईला देण्याआधी मी त्या काल्पनिक विद्यार्थ्याच्या डोक्याने दहाही जोड्या सोडवल्या, तेव्हा ही चूक सापडली. दुसऱ्या गैरसमजाची पत्रिका मग मी स्वतःच तयार केली, कारण नियम एकदा हाती आल्यावर जोड्या लिहायला पाच मिनिटे पुरली.